पैसे दुप्पट कधी होतात? ७२ चा सोपा हिशेब

‘दुप्पट’ हा शब्द आपल्या घरांत वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. शाळेची फी बघताबघता दुप्पट झाली, असे अम्मी म्हणते. कर्ज घेतले तेव्हा पन्नास हजार होते, आता लाख मागतात, असे शेजारचे चाचा सांगतात. आणि कधीतरी ओळखीतलाच एखादा माणूस चहाला येतो आणि म्हणतो, “भाईजान, अडीच वर्षांत डबल. आणि तेही हलाल.” तीन ठिकाणी तीन माणसे बोलतात, पण प्रश्न एकच असतो : एखादी रक्कम ठरावीक टक्क्यांनी वाढत गेली तर तिला दुप्पट व्हायला किती काळ लागतो?

याचे उत्तर काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. ७२ हा एक आकडा लक्षात ठेवायचा आणि त्याला वाढीच्या टक्क्यांनी भागायचे. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. वर्षाला ६ टक्के वाढ असेल तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षे. ८ टक्के असेल तर ९ वर्षे. १२ टक्के असेल तर ६ वर्षे.

हा नियम बहुतेक ठिकाणी व्याजाच्या उदाहरणाने शिकवला जातो. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा समज होतो की, आपण व्याज घेत नाही, मग आपल्याला हा हिशेब कशाला? पण वाढ फक्त व्याजाचीच होत नाही. भाडे वाढते, फी वाढते, दुकानातल्या मालाची किंमत वाढते. म्हणून सुरुवात शाळेच्या फीपासूनच करू.

फीचा हिशेब

समजा, मुलगी पहिलीत आहे आणि वर्षाची फी २०,००० रुपये आहे. शाळा दरवर्षी १० टक्के फी वाढवते. फी दुप्पट कधी होईल? मनातल्या मनात आपण असा हिशेब करतो : २० हजारांचे १० टक्के म्हणजे २ हजार. दरवर्षी दोन-दोन हजार वाढणार, म्हणजे २० हजार वाढायला दहा वर्षे लागतील. मुलगी तोवर दहावी पार झालेली असेल. म्हणजे घाबरायचे कारण नाही.

हा हिशेब चुकतो, कारण दुसऱ्या वर्षीची वाढ २० हजारांवर नसते, ती २२ हजारांवर असते. दुसरीत फी २२,००० होते. तिसरीत त्यावर २,२०० वाढून २४,२०० होते. चौथीत २६,६२०, पाचवीत २९,२८२, सहावीत सुमारे ३२,२००, सातवीत सुमारे ३५,४०० आणि आठवीत सुमारे ३९,०००. म्हणजे दुप्पट व्हायला दहा नव्हे, सात वर्षे आणि वर थोडे दिवस लागले. आता ७२ ला १० ने भागून पाहा : ७.२. एवढी सगळी बेरीज केल्यावर जे उत्तर मिळाले तेच एका भागाकारात मिळाले.

यात दोन आकडे आले, १०० आणि ७२. या दोन्हींची ओळख करून घेतली तर पुढचे सगळे सोपे आहे. वाढ जर दरवर्षी मूळ रकमेवरच होत असेल, तर १०० ला टक्क्यांनी भागायचे. १० टक्क्यांना १० वर्षे. पण वाढ मुळात मिसळत असेल आणि पुढची वाढ त्या एकूण रकमेवर होत असेल, तर १०० च्या जागी ७२ घ्यायचे. शंभरातून जे अठ्ठावीस कमी झाले ते ‘वाढीवरच्या वाढीचे’. शाळेत आपण सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकलो, त्या दोघांतला फरक इतकाच.

हा नियम जुना आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या मोठ्या गणित-ग्रंथात तो दिला आहे. असे का होते, हे मात्र त्याने तिथे सांगितलेले नाही. म्हणजे त्याच्याही आधीपासून व्यापाऱ्यांच्या बोलण्यात तो असावा. ७२ च का, याला दोन कारणे आहेत. वाढीचा दर ८ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा ७२ हाच आकडा जवळजवळ अचूक बसतो. आणि दुसरे म्हणजे ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. त्यामुळे तोंडी हिशेब करणाऱ्याला तो सोयीचा पडतो.

पोस्टातल्या फलकावर पडताळा

नियम खरा की खोटा हे पाहायचे असेल तर पोस्ट ऑफिसात जाऊन किसान विकास पत्राची माहिती वाचावी. आपल्या देशात ‘रक्कम दुप्पट’ एवढ्याच वचनावर उभी असलेली ही सरकारी योजना आहे. ती व्याजावर चालते. कोणी तिथे पैसे ठेवावेत, असे सांगण्यासाठी तिचे नाव घेतलेले नाही. आपल्याला ती फूटपट्टी म्हणून हवी आहे, कारण तिच्यात व्याजाचा दर आणि दुप्पट होण्याची मुदत हे दोन्ही आकडे सरकार स्वतःच जाहीर करते.

एप्रिल २०२३ मध्ये या पत्राचा दर ७.५ टक्के झाला आणि मुदत जाहीर झाली ११५ महिने, म्हणजे ९ वर्षे ७ महिने. आपला नियम काय सांगतो? ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे. त्याचे महिने केले तर ११५. त्याच्या आधीच्या तिमाहीत दर ७.२ टक्के होता आणि मुदत १२० महिने होती. ७२ भागिले ७.२ म्हणजे बरोबर १० वर्षे. २०१४ साली योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा दर ८.७ टक्के आणि मुदत १०० महिने होती. नियमाने ९९ महिने येतात. एका महिन्याचा फरक, तोही शंभरात.

ही योजना १९८८ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. आता उलटा हिशेब करू. ७२ ला ५.५ ने भागले तर १३ येतात. म्हणजे त्या काळी दर १३ टक्क्यांच्या आसपास असला पाहिजे, आणि तो तसाच होता. आपल्या घरातले बुजुर्ग जेव्हा म्हणतात की, “आमच्या वेळी पाच-साडेपाच वर्षांत डबल व्हायचे,” तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण तो काळ आता नाही. आज कोणी पाच वर्षांत दुप्पट म्हणत असेल, तर सरकार ज्याला साडेनऊ वर्षे घेते ते काम तो निम्म्या वेळात करतो आहे, असा त्याचा दावा आहे.

इथे नियमाचा खरा उपयोग दिसतो. टक्के दिले असतील तर वर्षे काढता येतात, आणि वर्षे दिली असतील तर टक्के काढता येतात. ‘डबल’ म्हणणारा माणूस टक्के सांगत नाही. ते आपण काढायचे.

“अडीच वर्षांत डबल, आणि हलाल”

आता चहाला आलेल्या त्या माणसाकडे वळू. तो म्हणतो की लाख रुपये द्या, अडीच वर्षांनी दोन लाख घ्या. पैसे बँकेत नाहीत, व्यापारात लागतात, म्हणून व्याज नाही, नफा आहे. त्याच्याबरोबर टोपी-दाढीवाले दोन प्रतिष्ठित लोक असतात. छापील पत्रक असते. मागच्या वर्षी ज्यांना पैसे मिळाले त्यांची नावे असतात.

७२ भागिले २.५ म्हणजे २८.८. म्हणजे तो वर्षाला सुमारे २९ टक्के देऊ करतो आहे. खरे तर त्याहून जास्त. दर फार मोठा असला की ७२ चा नियम थोडा मागे पडतो. त्याला एक सोपी दुरुस्ती आहे : ८ टक्क्यांच्या वर दर तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवायचा. २९ हा ८ पेक्षा २१ ने जास्त आहे, म्हणून ७ मिळवून ७९. त्याला २.५ ने भागले की ३१.६. काटेकोर हिशेबाने उत्तर ३२ टक्के येते. पण खरे म्हणजे २९ की ३२ यावर इथे काहीच अडत नाही. आपल्याला एवढेच जाणून घ्यायचे होते की हा आकडा आठ-दहाच्या घरातला आहे की तिसाच्या.

आता तीस टक्क्यांना विचारायचा प्रश्न असा. चांगला चालणारा व्यापार असेल तर बँक त्याला कर्ज द्यायला तयार असते. समजा ते १२ टक्क्यांनी मिळते. १२ टक्के म्हणजे दुप्पट व्हायला सहा वर्षे. ज्याला सहा वर्षांच्या दुपटीने पैसा मिळू शकतो, तो तुमच्या घरी येऊन अडीच वर्षांच्या दुपटीने पैसा का मागतो? तो म्हणेल की मला व्याज द्यायचे नाही. ठीक आहे, पण मग त्याचा स्वतःचा नफा, दुकानाचा खर्च, मध्यस्थाचे कमिशन हे सगळे काढून तुम्हाला ३२ टक्के उरतील इतका नफा व्यापारात दरवर्षी न चुकता झाला पाहिजे. मोहल्ल्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, असा धंदा किती वर्षे चालतो.

दुसरी कसोटी पुढे मोजत जाण्याची आहे. अडीच वर्षांत दुप्पट, म्हणजे पाच वर्षांत चौपट, साडेसात वर्षांत आठपट, दहा वर्षांत सोळापट. एका लाखाचे दहा वर्षांत सोळा लाख. आणखी दहा वर्षे ठेवले तर सोळाच्या सोळापट, म्हणजे दोन कोटी छप्पन लाख. ज्याच्या हातात असा व्यापार आहे त्याने वीस वर्षांपूर्वी स्वतःचे पाच लाख लावले असते तर आज त्याला तुमच्या लाखाची गरजच उरली नसती.

तिसरी कसोटी आपल्या घरातलीच आहे, आणि तिच्यासाठी गणितही लागत नाही. फिकहच्या किताबांत मुदारबाचा व्यवहार सांगितला आहे : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची. त्यात नफ्याचा वाटा आधी ठरतो, निम्मा-निम्मा किंवा दोन-एक असा. पण नफा किती होईल हे ठरवता येत नाही. आणि व्यापार करणाऱ्याच्या हयगयीशिवाय नुकसान झाले तर ते भांडवलवाल्याचे. म्हणजे मुद्दल सुरक्षित आणि वाढ पक्की अशी हमी त्यात बसतच नाही. अडीच वर्षांनी दोन लाख नक्की, असे जो म्हणतो, त्याने आकडा आधीच बांधून दिला. मग त्याने त्याला नफा म्हटले तरी त्याचे रूप व्याजाचेच झाले. ‘हलाल’ आणि ‘हमखास डबल’ हे दोन शब्द एका पत्रकात दिसले, तर त्यातला एक तरी खोटा असतो. बहुतेक वेळा दोन्ही.

हे काल्पनिक भय नाही. बंगळुरूची ‘आय मॉनेटरी अॅडव्हायझरी’, जिला लोक ‘आयएमए’ म्हणत, हलाल गुंतवणूक या नावाने पैसे घेत होती. जून २०१९ मध्ये तिची दारे बंद झाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. मुलींच्या निकाहसाठी ठेवलेले पैसे त्यात होते, निवृत्तीचे पैसे होते.

दरमहा देणारी योजना : इथे ७२ नाही, १०० वापरा

काही योजना ‘डबल’ म्हणत नाहीत. त्या म्हणतात, लाखाला दरमहा तीन हजार घरपोच. हे जास्त विश्वासाचे वाटते, कारण पहिल्याच महिन्यात नोटा हातात येतात. इथे हिशेब जरा वेगळा करावा लागतो, आणि चूक होते ती इथेच.

दर महिन्याचा असेल तर उत्तरही महिन्यांत येते. दरमहा ३ टक्के, ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. पण हे केव्हा? मिळालेले तीन हजार तुम्ही काढून न घेता पुन्हा त्यातच ठेवले तर. तुम्ही ते दरमहा काढून घरखर्चाला वापरत असाल, तर वाढीवर वाढ होतच नाही. तेव्हा ७२ नव्हे, १०० ला भागायचे. १०० भागिले ३ म्हणजे ३३ महिने आणि वर काही दिवस. ‘ठेवून दिले तर ७२, काढून घेतले तर १००’ एवढे वाक्य पाठ असले की पुरे.

आता या ३३ महिन्यांचा अर्थ पाहा. तेहेतीस महिने दरमहा तीन हजार घेतल्यावर तुमच्या हातात ९९ हजार आलेले असतात. म्हणजे तोवर तुम्हाला जे मिळाले ते तुमच्याच लाखाइतके होते. त्यानंतर जे येईल तीच कमाई. योजना सुरू होऊन दोन वर्षे झाली, सगळ्यांना वेळेवर पैसे मिळाले, म्हणून ती पक्की आहे, असे लोक म्हणतात. पण दोन वर्षांत लाखाला ७२ हजारच परत गेलेले असतात. नवीन व्यापार एक रुपयाचाही न करता, आधीच्या लोकांना त्यांचेच आणि नंतर आलेल्यांचे पैसे देत एवढी वर्षे सहज काढता येतात. अशी योजना बुडते तेव्हा तिच्यात शेवटच्या ३३ महिन्यांत आलेला प्रत्येक माणूस तोट्यात असतो. आणि सगळ्यात जास्त लोक शेवटच्या काळातच आलेले असतात, कारण तोवर नाव झालेले असते.

म्हणून ‘अमक्याला मिळाले’ हा पुरावा धरू नये. त्याला विचारावे, “भाई, तुम्ही टाकून किती महिने झाले?” उत्तर ३३ च्या आत असेल, तर त्याला अजून काहीच मिळालेले नाही.

लोकांकडून परवानगीशिवाय ठेवी गोळा करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी केंद्राचा २०१९ चा कायदा आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणासाठी १९९९ पासून वेगळा कायदा आहे. पण कायदा बहुतेक वेळा पैसे गेल्यावर दारात येतो. भागाकार आधी करता येतो.

हाच नियम कर्जाच्या बाजूने

गावाकडे आणि बाजारात व्याजाचा दर वर्षाचा सांगत नाहीत, महिन्याचा सांगतात. ‘शेकडा तीन’ म्हणजे दरमहा शंभराला तीन रुपये. कानाला तीन हा आकडा लहान वाटतो. बँकेच्या बारा टक्क्यांपेक्षा तीन बरे, असेही कोणी म्हणून जातो.

समजा, आजारपणात कोणी ५०,००० रुपये शेकडा तीनने घेतले आणि अडचणीमुळे काहीच फेडता आले नाही. सावकार व्याज मुद्दलात मिळवत गेला. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. महिन्या-महिन्याचा हिशेब मांडला तर दोन वर्षांच्या शेवटी देणे १,०१,६०० च्या वर जाते. नियम बरोबर निघाला. चार वर्षे गेली तर दोन लाख, सहा वर्षे गेली तर चार लाख. लोक म्हणतात, ‘पन्नास हजारांपायी जमीन गेली.’ ती अशी जाते.

आता दुसरा माणूस दरमहा १,५०० रुपये व्याज न चुकता देतो. त्याचे कर्ज वाढत नाही, पण दोन वर्षांत त्याने ३६,००० भरलेले असतात आणि डोक्यावर पन्नास हजार तसेच असतात. त्याला १०० चा नियम लागतो : ३३ महिने झाले की त्याने मुद्दलाइतके पैसे व्याजातच दिलेले असतात.

क्रेडिट कार्डही याच जातीचे आहे. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के लागत असतील तर ७२ भागिले ३.५, म्हणजे २० महिन्यांच्या थोडे वर. कार्डाच्या बिलावर ‘किमान भरणा’ असा एक लहानसा आकडा छापलेला असतो. तो भरून आपण देणे फेडले, असे वाटते. पण उरलेली बाकी याच वेगाने धावत असते.

नियम कुठे लागू पडत नाही

काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. दर दोन-तीन टक्के असेल तर ७२ ऐवजी ७० घेतले तर उत्तर जास्त जवळचे येते. दर वीस-तीसच्या घरात असेल तर वर सांगितलेली दुरुस्ती करावी. या दोन्हींत फरक थोडासाच पडतो.

मोठी मर्यादा वेगळी आहे. हा नियम वाढ दरवर्षी सारखी आहे असे धरून चालतो. शेअर बाजारात किंवा खऱ्या व्यापारात ती सारखी नसते. समजा शंभर रुपये एका वर्षी ५० टक्के वाढले आणि पुढच्या वर्षी ५० टक्के उतरले. सरासरी शून्य दिसते, पण हातात उरतात ७५. म्हणून ‘मागच्या वर्षी २४ टक्के मिळाले, म्हणजे तीन वर्षांत दुप्पट’ असा हिशेब करू नये. एका वर्षाच्या आकड्याला ७२ लावणे हा या नियमाचा दुरुपयोग आहे. आणि नियम किती वेळ लागेल ते सांगतो. पैसे परत येतील का, ते सांगत नाही.

बाकी राहिलेली मेहेर

शेवटी एक असा हिशेब, ज्यात ना कोणी व्याज घेतो ना कोणी कर्ज देतो, तरीही ७२ गुपचूप आपले काम करत असतो. महागाई वर्षाला ६ टक्के असेल तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. किमती दुप्पट होणे म्हणजे आपल्या हातातल्या रुपयाची ताकद निम्मी होणे. कपाटातल्या नोटा तितक्याच राहतात. बाजारात त्या निम्म्या होतात.

अनेक निकाहांत मेहेर ठरते, पण ती लगेच दिली जात नाही. ‘नंतर देऊ’ असे राहून जाते. समजा चोवीस वर्षांपूर्वी एका निकाहनाम्यात ५०,००० रुपये मेहेर लिहिली गेली आणि ती अजून बाकी आहे. महागाई सरासरी ६ टक्के धरली तर चोवीस वर्षांत बारा-बारा वर्षांचे दोन टप्पे झाले. पहिल्या टप्प्यात रकमेची ताकद निम्मी झाली, दुसऱ्यात निम्म्याची निम्मी. आज ते पन्नास हजार दिले तर त्या बीबीच्या हातात त्या काळच्या साडेबारा हजारांचा माल येतो. आणखी बारा वर्षे थांबले तर सव्वासहा हजारांचा. देणाऱ्याने कागदावरची पूर्ण रक्कम दिलेली असते, आणि घेणारीचा तीन चतुर्थांश हक्क वाटेतच विरघळलेला असतो. यात कोणाची बदनियत असेलच असे नाही. फक्त तारीख पुढे जात राहिली.

जुन्या बाकी मेहेरीबाबत शरीअत काय सांगते ते आलिमांना विचारावे. तो या पानाचा विषय नाही. पण हिशेब दोन गोष्टी सांगतो. पहिली, मेहेर बाकी असेल तर ती लवकर देण्यात घेणारीचा फायदा आहे आणि लांबवण्यात नुकसान तिचेच आहे. दुसरी, ज्या घरात आता निकाह ठरतो आहे त्यांनी बोलणीच्या वेळी विचार करावा की मेहेर हातोहात द्यायची की बाकी ठेवायची. आणि बाकी ठेवायची असेल तर रुपयांत लिहायची की सोन्याच्या वजनात. तोळ्यांत लिहिलेल्या मेहेरीचा भाव वरखाली होईल, पण महागाईच्या कात्रीत ती रुपयांइतकी सहज सापडत नाही. मुलीच्या वालिदांनी हे विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पुढच्या अंकापर्यंत एक छोटा अभ्यास घरातल्या शाळकरी मुलांना द्यावा. घराचे भाडे दरवर्षी ८ टक्के वाढते. आज ते ६,००० रुपये आहे. ते १२,००० कधी होईल, आणि २४,००० कधी? आधी ७२ ने उत्तर काढायचे, मग वर्षावर्षाची बेरीज मांडून ताळा करायचा. नऊ वर्षांची बेरीज करताना मुलांच्या हे आपोआप लक्षात येते की, भाडे शेवटच्या वर्षांत सुरुवातीपेक्षा मोठ्या उड्या घेते.